निरोपाच्या मेलमधली एक ओळ

मालवणात बोटींच्या इंजिनांची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्या एका दुकानात मी सात-आठ वर्षं काम केलं. दुकान म्हणायचं ते आम्ही. हेड ऑफिसच्या कागदांवर ते ‘सर्व्हिस सेंटर’ होतं. माझं काम तक्रारी घ्यायचं. समुद्रावरून परतलेला माणूस फोनवर ओरडायचा, ‘इंजिन चालू जाणा नाय गो, बघ काय तां,’ आणि मी ते शांतपणे कॉम्प्युटरवर लिहायची, ‘इंजिन सुरू होत नाही, ग्राहकाला तातडीने भेट हवी.’ नोंद त्याच दिवशी पूर्ण झाली तर हिरवी, नाही तर लाल व्हायची, आणि लाल नोंद पुण्याच्या हेड ऑफिसला दिसायची.

कणकवलीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला जागा मिळाली म्हणून मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सकाळीच साहेब टेबलापाशी आले. साहेब कोल्हापूरचे, मालवणी त्यांना कळायची पण बोलायला जमायची नाही.

“मॅडम, टीमला एक निरोपाचा मेल टाका. हेड ऑफिसलाही ठेवा त्यात. पद्धत आहे. संध्याकाळी मी तुमचा आयडी बंद करायला सांगणार, त्याआधी टाका म्हणजे झालं.”

मी मान हलवली खरी, पण गोंधळलेच. टीम म्हणजे कोण? साहेब स्वतः, मागच्या शेडमधले दोन मेकॅनिक आणि स्टोअर सांभाळणारे काका. काका माझ्यापासून हात लांब केला तर लागतील इतक्या अंतरावर बसायचे. त्यांना मेल काय लिहायचा? मी इंटरनेटवर नमुने पाहिले. प्रत्येकात ‘संमिश्र भावना’ होत्या, ‘अविस्मरणीय प्रवास’ होता. आमच्या शेडमध्ये डिझेलचा वास होता आणि दुपारी सगळ्यांच्या डब्यात कसलं ना कसलं सुकट असायचं. तो प्रवास मला त्या शब्दांत काही सापडेना.

शेवटी ठरवलं, थोडकंच लिहायचं, पण जे खरंच घडलं तेच. जेवायच्या सुट्टीपर्यंत चार वेळा लिहून पुसलं. मग हे उरलं:

‘सर्वांना नमस्कार. आज माझा इथला शेवटचा दिवस. साहेब, तुम्ही इथे बदलून आलात त्या पहिल्याच महिन्यात मी चुकीच्या बोटीवर मेकॅनिक पाठवला होता, तेव्हा ग्राहकासमोर तुम्ही मला काही बोलला नाहीत, ते लक्षात आहे. शेडमधल्या दोघांनो, तुम्ही नेहमी काम झाल्याचा फोन केलात म्हणून माझ्या नोंदी खऱ्या राहिल्या. काका, वडिलांचं ऑपरेशन होतं त्या दिवसांत मी दुपारीच निघून जायची आणि माझ्या राहिलेल्या नोंदी तुम्ही संध्याकाळी थांबून पूर्ण करायचात. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आज लिहिते. सोमवारपासून तक्रारींचा फोन धाकट्या मेकॅनिककडे असेल, अपूर्ण कामांची माहिती त्याला दिली आहे. माझा स्वतःचा नंबर सगळ्यांकडे आहेच. मालवणात येणं होईलच, तेव्हा भेटू.’

काकांची ओळ लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. वडिलांना गोव्याच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, दुपारची गाडी पकडायला मी अर्धं काम टाकून पळायची. दुसऱ्या दिवशी भीत भीत कॉम्प्युटर उघडायची तर एकही नोंद लाल नसायची. सगळं नीट भरलेलं, माझ्याच नावावर, कारण माझा पासवर्ड सगळ्या ऑफिसला पाठ होता. कोणी केलं हे मी विचारलं नाही. किल्ली काकांकडे असायची, शेवटी तेच निघायचे, आणि एकदा सकाळी त्यांची चष्म्याची डबी माझ्या कीबोर्डजवळ मिळाली होती. मला तेवढं पुरलं.

मेल पाठवला. शेजारी काकांचा मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचायला लागले. मी मुद्दाम ड्रॉवर आवरायला घेतला. काका मोबाईल घेऊन मागे स्टोअरमध्ये गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन बसले. मग माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं. काकांचं. मोबाईलमध्ये बोलून टाईप केलेलं, आणि सगळ्यांना गेलेलं, पुण्यासकट.

‘सदर काम मी केलेले नाही. दुसऱ्या कोणी केले असेल. बाकी पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

मी मान वळवली. काका माझ्याकडेच बघत होते.

“काका, ह्यां काय?”

“मगे काय करू? तू सगळ्यांका लिवलंस. ता मी नाय केलंय गो बाय. माका ता मशीन उघडूकसुद्धा येणा नाय.”

“मग तुमची डबी? माझ्या टेबलावर होती ती?”

“माझी डबी खंय पण आसता.”

शेडमधून दोघे मेकॅनिक हसत आत आले. थोरल्याने विचारलं, “काका, तुम्ही नाय तर मगे कोणी केल्यान?” धाकटा तेव्हा कामालाच नव्हता. थोरला म्हणाला, त्याने कधी त्या खुर्चीला हात लावलेला नाही. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न. ते तर त्या दिवसांनंतर बदलून आले होते, म्हणजे तेही नाहीत.

मला काय वाटत होतं ते मला धड सांगता येणार नाही. लाज होती, थोडा राग होता, कोणावर ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी मी काकांकडे एका विशिष्ट नजरेने बघत आले होते. त्यांनी चहा मागितला तर आधी त्यांना द्यायची. आणि ते तर दुसऱ्याच कोणाचं होतं.

“अकाउंटवाली नाय होती तेव्हा?” काका एकदम म्हणाले. “ती बसायची संध्याकाळी.”

ती मला आठवलीच नव्हती. म्हणजे आठवली होती, पण त्या कामासाठी नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणाआधी सुट्टीवरून आमचं भांडण झालं होतं आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. पुढे लग्न करून वेंगुर्ल्याला गेली. टीमच्या यादीत ती आता नव्हती, म्हणून मेलही तिला गेला नव्हता.

मी बाहेर जाऊन तिला फोन लावला. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून तीही गडबडली. मी सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिटी झाली, मग तिचा आवाज आला.

“होय काय? केलंय आसतलंय. माका आठवणा नाय गो.”

“असं कसं आठवत नाही? दोन आठवडे रोज!”

“तेव्हा मी तुझ्याशी बोलत नाय होतंय, इतक्यां आठवता. तुझ्या नोंदी लाल झाल्यो की हेड ऑफिसचो फोन माका येय. तू नसायचंस ना. ते पुण्याचे बोलणां कोण ऐकतलो? म्हणान केलंय आसतलंय.” मग तिने विचारलं, “बाबा कसे आसत तुझे?”

“बरे आहेत.”

“तेव्हा इचारूक नाय मी.”

मी फोन ठेवून तिथेच उभी राहिले. समोर मासळीच्या टोपल्या घेऊन रिक्षा चालली होती. तिने ते माझ्यासाठी केलं होतं की पुण्याचा फोन टाळायला, हे तिलाच माहीत नव्हतं. तर मी कसले आभार मानायचे? आणि नाही मानले तर त्या सकाळचं काय, जेव्हा सगळं हिरवं बघून मी टेबलावर डोकं ठेवून रडले होते? ते रडणं तर खरंच होतं.

आत आले तर काका म्हणाले, “जावंदे. आता दुसरो मेल नको. लोक हसतले.”

“चुकीचं तसंच ठेवू?”

“चुकीचां खंय ऱ्हवला? मी सांगितलंय ना सगळ्यांका.”

ते होतंच. पण माझ्या मेलमधून काकांची ओळ काढली तर काकांसाठी काहीच उरत नव्हतं, आणि ते मला पटेना. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल माझ्याकडे दुसरं काहीच नाही? मी आठवत बसले. मोठं असं काही येईना. त्यांनी मला कधी मदत केली, कधी ओरडलेही. तेवढ्यात काका उठले आणि दर्शनी शटर अर्धं खाली ओढलं. उन्हं कलली की समोरच्या पत्र्यावरची तिरीप थेट माझ्या स्क्रीनवर यायची. आज माझा शेवटचा दिवस होता, तरी ते उठले आणि ओढून परत बसले, जणू पंखा चालू करावा तसे. त्यांच्या टेबलावर ऊन कधीच येत नसे.

मी दुसरा मेल लिहिला.

‘मघाच्या मेलमध्ये चूक झाली. त्या नोंदी आपल्या आधीच्या अकाउंटच्या सहकारी करायच्या. त्यांना मी फोन केला आहे. काका, रोज दुपारी माझ्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तुम्ही शटर ओढता. आभार त्याचे.’

काकांनी वाचलं. “ह्यां काय लिवण्यासारख्यां?” म्हणाले, पण या वेळी उत्तर पाठवलं नाही. पुण्याहून मात्र एका बाईंचं आलं, ‘ऑल द बेस्ट,’ पहिल्या मेलला. दुसरा बहुधा त्यांनी उघडलाच नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी फोन करून माझा आयडी बंद करवला. मी ऑफिसचा मोबाईल धाकट्याच्या हातात दिला, ड्रॉवरची किल्ली साहेबांना दिली. सगळ्यांनी मिळून एक भेळ खाल्ली. काका दाराशी येऊन म्हणाले, “ये हां मगे,” आणि आत गेले.

स्टँडवर बसची वाट बघताना वेंगुर्ल्याहून मेसेज आला. तिला तो मेल वाचायचा होता. मी काय करणार, माझ्याकडे आता तो नव्हता. काकांना फोन केला. त्यांनी साहेबांकडून शिकून तिला सगळंच पाठवलं, माझे दोन्ही आणि मधलं ‘सदर काम मी केलेले नाही’सुद्धा.

बस वाटेत कसालला पोचेपर्यंत तिचं उत्तर आलं. ‘वाचलं. तरी आठवलं नाही. पण मी केलं असेन तर बरं झालं.’

मी ते दोनदा वाचलं. काय लिहावं कळेना. मग एवढंच लिहिलं, ‘बाबांना सांगते तुझं नाव,’ आणि फोन पर्समध्ये ठेवला. बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, “खंयची ती? माका म्हायत आसा काय?”