साहेबांचं अत्तर

जळगावच्या ऑफिसात आमचे नवे साहेब भर उन्हाळ्यातही हिना अत्तर चोपडून कूलरसमोर बसत. वास थेट माझ्या टाइपरायटरपर्यंत येई आणि डोकं ठणकू लागे. शेवटी हेडक्लार्क नाना धीर करून म्हणाले, "साहेब, तुमचं अत्तर फार लांबवर येतं हो."

साहेब खूश! दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना अत्तराचे फाये वाटले. कुणाला केवडा, कुणाला मोगरा, मला गुलाब. आम्ही निमूटपणे ते कानात खोचले. दुपारी साहेबांनाच शिंकांनी बेजार केलं.

"नाना, हा कसला वास?"

"साहेब, बठ्ठा तुमनाच शे!" सगळा तुमचाच आहे, हे सांगताना घाईत नानांच्या तोंडून घरची बोली निघाली.

नंतर साहेब वाळ्याच्या अत्तराचा एकच थेंब लावत. सही घ्यायला जवळ गेलं, तरच तो कळे.