पुतणीचा अ‍ॅलर्जी रिपोर्ट आणि माझी डॉक्टरकी

हातात कागद आला की तो मला समजलाच असं मी धरून चालतो. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळल्यावर माणसाचं दुसरं काय होणार. कागदावर शिक्का आणि आकडे असले की मी त्याच्यापुढे मान तुकवतो आणि बाकीच्यांनीही तुकवावी अशी माझी अपेक्षा असते.

माझ्या पुतणीचा रिपोर्ट आला तेव्हा हेच झालं. पोरगी सहा वर्षांची. दीड वर्षापासून खोकला जातो आणि परत येतो. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचेत खाजरे, लाल, खरखरीत चट्टे. दरवेळी कफ सिरप, दरवेळी नवीन मलम. माझा धाकटा भाऊ बोरगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, म्हणून औषधपाण्याचं खातं माझ्याकडे, म्हणजे मीच ते ओढून घेतलेलं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं की रक्तातून सगळ्या अ‍ॅलर्ज्या कळतात. मी कोणत्याही डॉक्टरला न विचारता पोरीला पॅथॉलॉजीत नेलं आणि तपासण्यांचं मोठं पॅनेल सांगितलं. हॉटेलात पूर्ण थाळी मागवावी तसं. नमुना नागपूरला गेला आणि चार दिवसांनी चार पानं परत आली.

पहिल्याच ओळीत एकूण आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणारा घटक, नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट. खाली एकेका पदार्थाचं नाव आणि त्यापुढे आकडा. शेंगदाणे, गहू, दूध, अंडं, वांगं, सगळ्यांपुढे थोडं थोडं काहीतरी होतंच. सगळ्यात मोठा आकडा धुळीतल्या बारीक किड्यांपुढे होता, पण घरातल्या धुळीवर बंदी कशी घालायची ते मला सुचलं नाही. वांग्यावर घालता येत होती. मी पिवळं मार्कर घेतलं आणि यादी केली. एक प्रत स्वयंपाकघरात, एक शाळेत, एक सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर.

सहा आठवडे पोरगी भात आणि मुगाच्या वरणावर राहिली. डब्यात चिक्की नाही, पोळी नाही, दुधाचा कप नाही. खोकला होता तिथंच होता. चट्टेही तिथंच. कमी झालं ते फक्त पोरीचं वजन. शाळेचा पट्टा दोन भोकं आत गेला तेव्हा तिची आई, म्हणजे माझी भावसून, माझ्या बायकोजवळ रडली. आमच्या घरात भावसून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, त्यामुळे कुणी खोडतही नाही. मी बैठकीत आलो की ती डोक्यावर पदर घेऊन आत जाते आणि मला जे सांगायचं ते माझ्या बायकोकरवी येतं. यावेळी बायकोनं निरोप आणला तो असा की सौंसरला मुलांच्या एक डॉक्टरबाई आहेत, तिथं न्यायचं ठरलं आहे. ठरवलं कुणी, हे मी विचारलं नाही.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी आधी वजन केलं. दीड किलो कमी. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. छातीत शिट्टीसारखा आवाज आहे म्हणाल्या. मी तेवढ्यात चार पानं त्यांच्यासमोर पसरली आणि पिवळ्या ओळी वाचायला लागलो. त्यांनी दोन ओळी ऐकल्या, कागद गोळा केले आणि टेबलावर उपडे ठेवले.

"हे नंतर पाहू. पोरीनं खाल्ल्यावर काय होतं, ते सांगा. खाल्ल्यावर किती वेळानं, आणि दरवेळी होतं का?"

हे मला माहीत नव्हतं. पण मी थांबणारा माणूस नाही. शेंगदाणे खाल्ले की चट्टे येतात, असं मी ठोकून दिलं. मागे उभी असलेली भावसून वाकून पोरीच्या कानात काही बोलली. पोरगी मोठ्यानं म्हणाली, "आई म्हणते, नाही येत." डॉक्टरबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा कानात, पुन्हा पोरगी. असे तीन प्रश्न झाले. चौथ्याला डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि भावसुनेकडे पाहत राहिल्या.

तेव्हा ती बोलली. पदर डोक्यावर तसाच होता, पण तोंड माझ्याकडे होतं.

"दादा, तुमचं चुकून राहिलं. शेंगदाण्याची चटणी हे पोरगी चार वर्षं रोज खात होती, एक दिवस काही झालं नाही तिले. चट्टे थंडीत वाढतात, काहीही खाल्लं तरी. खोकला पहाटे येतो, गादी झटकली की येतो. माहेरी बिनगादीच्या नवारीच्या खाटेवर झोपते तं येतच नाही. मी कवाची सांगून राहिली, पण सांगू कोणाले?"

खोलीत माझी तेवढी पंचाईत झाली, पण मला आठवतं ते वेगळंच. चार पानांत जे नव्हतं ते तिनं अर्ध्या मिनिटात, एकही आकडा न वापरता सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी आता कागद सरळ केले. त्यांनी मला समजावलं तेही जाणकाराला समजावावं तसं, उपकार म्हणून. एकूण आकडा मोठा असणं हे अंगाची ठेवण सांगतं, कधी पोटात जंत असले तरी तो वाढतो. त्यावरून कशाची अ‍ॅलर्जी ते कळत नाही. पदार्थापुढचा आकडा एवढंच सांगतो की रक्तानं त्या पदार्थाची ओळख धरून ठेवली आहे. तो खाऊन त्रास होतोच असं नाही, आणि आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा असंही नाही. शून्य आलं तरी त्रास होत असेल तर शोध थांबवायचा नाही. "मी असती तर आईले विचारून दोन-तीन गोष्टींचीच तपासणी केली असती," त्या म्हणाल्या. धुळीतल्या किड्यांचा आकडा मात्र आईच्या बोलण्याशी जुळत होता. आमच्या घरच्या जुन्या कापसाच्या गाद्या त्यांचं माहेर.

खोकला दम्याचा आहे म्हणत त्यांनी नळीला लावून श्वासानं ओढायचा औषधाचा पंप दिला. चट्ट्यांना मलम आणि दिवसातून दोनदा साधं स्निग्ध क्रीम. गादीला घट्ट खोळ, चादरी आठवड्याला गरम पाण्यात. यानं थोडा फरक पडेल, मुख्य काम पंपाचं, हेही त्यांनी सांगून टाकलं. पंपाची सवय लागेल ही माझी शंका त्यांनी हसून नाही, नीट उत्तर देऊन दूर केली.

राहिलं खाणं. सहा आठवडे बंद ठेवलेलं एकदम सुरू करायचं नाही. रोज पचणारा पदार्थ विनाकारण तोडला तर एखाद्या पोराच्या अंगाला तो परका होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी पिवळ्या ओळींची पानं घडी करून खिशात घातली. दूध, अंडं आणि शेंगदाणे त्यांच्यासमोर, वेगवेगळ्या दिवशी. बाकीचं घरी.

शेंगदाण्याच्या दिवशी मी सुट्टी काढली. डॉक्टरबाईंच्या टेबलावर त्रास झालाच तर द्यायचं इंजेक्शन तयार होतं. भावसुनेनं भाजलेल्या दाण्याचा कूट बोटाच्या टोकाएवढा दिला. मग थांबणं. मग थोडा जास्त. मग पाव चमचा. मी दर दोन मिनिटांनी पोरीच्या ओठांकडे पाहत, घसा खाकरत होतो. शेवटी ती म्हणाली, "मोठेबाबा, तुम्हीच खोकलून राहिले." भावसून मात्र पोरीला गोष्ट सांगत बसली होती, हात स्थिर, डोळा पोरीवर. शेवटच्या घासानंतर दोन तास आम्ही बसलो. काही झालं नाही.

तीन महिन्यांनी वजन भरून निघालं, वर पाऊण किलो. पहाटेचा खोकला क्वचित. मधे सर्दीनं एकदा परत आला होता. चट्टे थंडीत उठले, पण रक्त येईपर्यंत खाजवणं थांबलं. डॉक्टरबाईंना हे सगळं भावसुनेनं क्रमानं सांगितलं. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मी म्हटलं, "तिलेच विचारा. मी बाहेर गाडी पुसतो तोवर."