दोन सह्यांचं खातं

द्राक्षांच्या खोक्यांचा आमचा धंदा पिंपळगाव बसवंतला. नवरा आणि दीर असे दोघेच भागीदार. दोघांची फर्म एक गेला की संपते, हे मला नवरा गेल्यावर कळलं. मग दीर आणि मी अशी नवी फर्म केली आणि नाशिकला बँकेत चालू खातं उघडायला निघालो.

पहिल्या खेपेला आमची दोघांची पॅनकार्डं नेली. साहेब म्हणाले, फर्मचं वेगळं पॅन लागतं. ते येईपर्यंत पंधरवडा गेला. दुसऱ्या खेपेला करारपत्र, जीएसटीचा दाखला, आधार, फोटो, सगळं होतं. फर्मचा शिक्का मात्र घरीच राहिला. तिसऱ्या खेपेला मी इतकी कंटाळले होते की कुठेही सही केली असती.

फॉर्मवर खातं कोण चालवणार, असा रकाना होता. मी ‘कोणीही एक’वर खूण केली. रोज चेकसाठी माझ्यामागे कोण धावणार? जुन्या फर्मचंही तसंच होतं. त्याच एका सहीवर दिरांनी न विचारता शीतगृहाचं यंत्र घेतलं होतं, आणि नवरा शेवटचं वर्षभर भावाशी बोलला नव्हता. मला ते आठवत होतं, पण भांडायचं त्राण नव्हतं.

साहेबांनी करारपत्र उलटलं. “यात दोघांच्या सहीने असं लिहिलंय. कोणीही एक हवं असेल, तर दोघांच्या सहीचं दुरुस्तीपत्र आणा.”

म्हणजे चौथी खेप! माझा पारा चढला. “भाऊजी, लिहिणाऱ्याने चूक केली. तुम्ही वाचलं नाही का?”

“चूक नाय वहिनी,” दीर खाली बघत म्हणाले. “मीच तसं लिहायला सांगितलं. माझ्या एकट्याच्या हातात लेखणी नको.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही म्हणाल, आता शहाणपण सुचलं.”

मी तेच म्हणणार होते. साहेबांनी दुसरा फॉर्म पुढे सरकवला. ‘दोघे मिळून’वर खूण झाली, फर्मच्या शिक्क्याखाली भागीदार म्हणून दोघांच्या नमुना सह्या झाल्या.

आता प्रत्येक चेक घेऊन दीर माझ्या ओट्याशी येतात. कणकेचे हात धुवायचे, चष्मा शोधायचा, वाचायचं, सही करायची. वैताग येतो. दीर खुर्ची ओढून बसतात, चहा झाल्याशिवाय उठत नाहीत.

परवा सही करता करता मनात आलं, हे शहाणपण दिरांना दोन वर्षं आधी सुचलं असतं, तर ते शेवटचं वर्षभर या ओट्याशी दोघे भाऊ बसले असते.