मयूरीला पाठवलेले सहा मेसेज

आमच्या आबांना मी एकदा शुभेच्छा देता देता मारलं आहे. आबा अजून ठणठणीत आहेत, पण घरात विषय निघाला की किस्सा असाच सांगितला जातो.

मयूरी ही माझी चुलत बहीण. काका-काकू धुळ्याला असतात, मी जळगावात मेहरूणला. वयाने ती जवळजवळ माझ्या मुलीसारखी. तिची नीट होती, म्हणजे डॉक्टर होण्यासाठीची ती प्रवेश परीक्षा, आणि तीही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळेला आदल्या रात्री सगळ्या नातेवाइकांनी तिला इतके फोन केले होते की पोरगी पहाटेपर्यंत जागीच राहिली. दुसऱ्या दिवशी पेपरात डोकं ठणकत होतं, येणारे प्रश्नही चुकले, आणि चुकलेल्या उत्तराचा गुण कापला जातो तो वेगळाच. थोडक्यात हुकलं. त्यामुळे या वेळी काकूने फर्मान काढलं: कोणीही फोन करायचा नाही. सगळ्यांच्या वतीने एकच मेसेज जाईल, तोही पोरीला धीर देणारा, दडपण आणणारा नाही. आणि तो लिहील आपला दादा.

दादा म्हणजे मी. घरातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर मीच लिहितो, त्यामुळे शब्दांचं खातं आपोआप माझ्याकडे आलेलं आहे.

रात्रीची जेवणं झाली आणि मी फोन घेऊन बसलो. माझी एक खोड आहे. मजकूर पाठवल्याशिवाय तो कसा वाटतो हे मला कळत नाही. पाठवायचा, वाचायचा, पटला नाही तर डिलीट करायचा. (डिलीट केलं की समोरच्याच्या फोनमधून तो नाहीसा होतो, हे मला नुकतंच कळलं होतं. अर्धंच कळलं होतं, हे पुढे कळलं.)

पहिला मेसेज झकास जमला. ‘मयूरी, उद्या मैदान मार! आपल्या घराण्यातली पहिली डॉक्टर तूच. सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे लागल्या आहेत.’ पाठवला आणि बायकोला, संगीताला, वाचून दाखवला. ती भेंडी निवडत होती.

“ह्या शुभेच्छा आहेत का धमकी?” ती म्हणाली.

डिलीट. मग लिहिलं, ‘अजिबात टेन्शन घेऊ नकोस.’ संगीताचं म्हणणं पडलं की हे वाक्य ऐकून आजवर कोणाचं टेन्शन गेलंय? नसलेलं मात्र येतं. तेही डिलीट. तिसरा मी फार समजूतदारपणे लिहिला: ‘पेपर कसाही गेला तरी तू आमची लाडकीच आहेस.’ यावर संगीताने भेंडी खाली ठेवली आणि विचारलं की पेपर वाईट जाणार हे तुम्हाला आजच कोणी कळवलं?

आता मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. एका पोरीला ‘आम्ही आहोत’ एवढं सांगायचं, तर मराठीत त्यासाठी एक धड वाक्य असू नये? प्रेम दाखवावं तर ओझं होतं, धीर द्यावा तर भीती होते. मी ठरवलं, भावना बाजूला ठेवून कामाचं लिहू. ‘हॉल तिकीट, आधार कार्ड, फोटो घे. पाण्याची बाटली पारदर्शक. पूर्ण बाह्या नकोत, बूट नकोत, कानातले काढून ठेव. पेन तिथेच मिळतं. येत नसेल त्या प्रश्नाचा गोल रंगवू नकोस.’ हा मेसेज मला बिनतोड वाटला. संगीता म्हणाली, “दहा वेळा भरलेली पिशवी ती पोर आता अकराव्यांदा उपसून बसेल.”

डिलीट. पाचवा देवाच्या फोटोसकट होता, तो मलाच आवडला नाही. सहावा नुसता ‘बेस्ट लक’. तो इतका कोरडा वाटला की जणू आमचं भांडण झालंय. गेला तोही.

इतक्यात फोन वाजला. मयूरीचाच. काकूचं फर्मान मला तोंडपाठ होतं, म्हणून मी तो उचलला नाही. पुन्हा आला, तेव्हा कट केला. मग संगीताचा फोन वाजायला लागला. मी तिलाही खुणेने थांबवलं. नियम म्हणजे नियम. पोरीशी बोलून तिचं चित्त विचलित करायचं नाही.

धुळ्यात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. परीक्षा केंद्राचा पत्ता शेवटचा एकदा बघावा म्हणून मयूरीने फोन उघडला. तर दादाच्या नावापुढे एकाखाली एक सहा ओळी: ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ मजकूर जातो, पण ही ओळ मागे राहते! परीक्षेच्या आदल्या रात्री, जो कधी धड उत्तर देत नाही त्या दादाने सहा वेळा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि सहाही वेळा त्याला धीर झाला नाही, असा तिने अर्थ लावला. काकूला विचारलं तर काकू खरोखरच गोंधळली, आणि ते मयूरीला नाटक वाटलं. मग दादा फोन उचलेना, वहिनी उचलेना. आपल्याकडे परीक्षा असली की घरातली वाईट बातमी पेपर संपेपर्यंत दडवून ठेवतात, हे तिला माहीत होतं. आणि गेल्याच महिन्यात आमच्या आजोबांना, आबांना, चोपड्याला सलाईन लावलं होतं.

तिने रडत रडत आबांनाच फोन लावला. आबा चोपड्याजवळच्या गावी असतात, दिवस मावळला की झोपतात, फोन उशाशी.

“कोन शे?”

“आबा, तुम्ही बरे आहात ना?”

“मी बरा शे. तू काबरं रडी राहिनी?”

तिने हुंदके देत दादाच्या सहा मेसेजांचं आणि मनातल्या भीतीचं सांगितलं, आणि उद्या पेपर आहे हेही. आबांनी विचारलं, कोणता पेपर? नीट, वैद्यकीय प्रवेश, दुसरी खेप, यातलं आबांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायची इच्छाही दिसली नाही.

“पेपरच शे ना? मंग देई ये. केळीना घड पिकाले टाकेल शे, तू येशी तवलोंग पिकी जाई. आते जपी जा.”

तवलोंग म्हणजे तोवर, आणि जपी जा म्हणजे झोपून जा. आणि मयूरी खरंच झोपली. त्याआधी आबांनी मला फोन केला. “मी मरी गऊ असं कोनी सांगं तिले?” असं त्यांनी विचारलं आणि पुढे जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. ते संपतं न संपतं तोच मयूरीचा मेसेज आला: ‘दादा, आबा जिवंत आहेत. मी झोपते. तू पण झोप. प्लीज काही पाठवू नकोस.’ अक्षर न अक्षर जागच्या जागी. मी दोन तास शोधत होतो ते वाक्य तिने मलाच लिहून पाठवलं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

पेपर चांगला गेला, प्रवेश मिळाला, आता ती शिकते आहे. केळीही गोड निघाली. घरात या यशाचं सगळं श्रेय आबांना जातं, आणि ते बरोबरच आहे.

यंदा बँकेत माझी बढतीची परीक्षा होती. आदल्या रात्री फोन उघडला तर मयूरीच्या नावापुढे एकाखाली एक सहा ओळी: ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ पोरगी माझी फिरकी घेते आहे, हे मला लगेच कळलं. मी हसलो आणि आडवा झालो. मग कुशीवर वळलो. काय लिहिलं असेल? सहा वेळा? मयूरीला फोन लावला, तिने कट केला. काकूने उचलला नाही. संगीता म्हणाली, अहो, गंमत करतेय ती, झोपा आता. मला ते पटलंही होतं. तरी आपली खात्री असावी म्हणून मी आबांना फोन लावला.

पलीकडून ‘कोन शे’ सुद्धा न विचारता आबा म्हणाले, “जित्ता शे. जपी जा.”