जाळीतून गाळलेलं पाणी

नव्वदच्या दशकात मी जळगावात जाहिरातींचा मजकूर लिहायचो. जुन्या प्लास्टिकच्या चटया करणारे एक नाना पर्यावरण दिनाची जाहिरात घेऊन आले: 'आमच्या कारखान्यातून प्रदूषण शून्य.' शून्य मी खोडलं. कारखाना पाहून लिहिलं: 'प्लास्टिक धुतलेलं पाणी जाळीतून गाळून नाल्यात सोडतो. येऊन पाहा.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, म्हणून फुशारलो, गाढव!

जाहिरात छापून आली आणि नाल्याकाठच्या एका अक्कानं माझ्या टेबलावर निळसर पाण्याचा तांब्या आदळला. "गाळेल शे ना, भाऊ? पी मंग."

मी पुन्हा लिहिलं: 'जाळीत कचरा अडतो, रंग अडत नाही. हे पाणी पिऊ नका.' नानांनी ते छापलं नाही.

आजही पाण्याचा पेला मी आधी उजेडात धरतो.