ठिपक्यांनी बंद पाडलेली कबड्डी

त्या कागदाची चीड मला अजून येते, आणि त्यातली थोडी माझ्यावरचीच आहे. मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवत होते. मुलींना स्कॅटर प्लॉटचा प्रकल्प दिला. आडव्या अक्षावर मुलगी आठवड्यात किती तास खेळते ते, उभ्या अक्षावर गणिताचे गुण. एका मुलीमागे एक ठिपका. खेळाचे तास वाढत गेले तसे ठिपके खाली उतरत गेले. मुली खूश झाल्या, मीही शाबासकी देऊन मोकळी झाले. 'याचा अर्थ काय?' हे मी विचारलंच नाही.

मुख्याध्यापकांनी तो कागद नोटीस बोर्डावर लावला आणि मुलींची कबड्डी बंद केली. तालुक्याच्या स्पर्धा पंधरा दिवसांवर होत्या.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. "सर, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही."

"तुमच्याच पोरींनी काढलं न हे? आता तुमालेच पटत नाही?"

त्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा विचारलं, जास्त खेळतं कोण? संघाची कप्तान उठली.

"आमी गाडीनं येणाऱ्या पोरी, मॅडम. संध्याकाळची गाडी साडेपाचले येते. तोवर काय करावं? खेळतो. अन् सकाळची गाडी येईपर्यंत तुमचा पह्यला तास अर्धा होऊन जाते. मंग गणित कवा शिकावं?"

पहिला तास रोज गणिताचा होता. त्या उशिरा येतात म्हणून मीच त्यांना दाराबाहेर उभं करत होते.

आम्ही तेच ठिपके पुन्हा काढले. एसटीनं येणाऱ्या मुलींचे लाल, गावातल्या मुलींचे निळे. लाल घोळका खाली उजवीकडे, निळा वर डावीकडे. नुसते लाल पाहिले तर उतार नाही. जास्त खेळणारीला कमी गुण असं काही दिसेना. निळ्यांतही तेच. उतार दिसत होता तो दोन घोळके एकत्र पाहिल्यामुळे.

"म्हणजे गाडीमुळंच मार्क कमी, पक्कं?" एकीनं विचारलं.

"तेही पक्कं नाही," मी म्हणाले. "दाट शंका आहे. गणिताचा तास बदलून पाहावं लागेल."

कप्ताननं नवा कागद स्वतः नेऊन दिला. सरांनी बराच वेळ पाहिला. गणित तिसऱ्या तासाला हलवलं, पण कबड्डीबद्दल म्हणाले, "एवढ्या परीक्षा होऊ द्या, मंग पाहू."

परीक्षा झाल्यावर मैदान पुन्हा उघडलं. तोवर स्पर्धा होऊन गेल्या होत्या. लाल ठिपक्यांतले बरेचसे वर सरकले, पण हुकलेली ती स्पर्धा कप्तानची शाळेतली शेवटची संधी ठरली. पुढच्या वर्षी तिला दहावीच्या नावाखाली घरच्यांनीच खेळू दिलं नाही. सरांनी तिची माफी मागितली नाही. मी मागितली, तेव्हा ती मान खाली घालून दप्तर आवरत राहिली.