खाजगी कारणास्तव

भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात मी रजेच्या टेबलावर होतो. अर्जित रजा, अर्धवेतनी, परिवर्तित, कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे आणि कोणती कशी घ्यावी, हे माझ्याइतकं तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबसुद्धा नियमाचं पुस्तक उघडण्याआधी मला बोलावत.

आमच्या शाखेत एक वाईट खोड होती आणि तिच्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. कोणाचा वैद्यकीय दाखला आला की आम्ही तो मोठ्यानं वाचायचो. दाखल्यावर आजाराचं नाव लिहावं लागतंच. कोणाला मूळव्याध, कोणाला क्षय, कोणाच्या पोटाचं ऑपरेशन, चहा येईपर्यंत सगळ्या शाखेला कळलेलं असायचं. वाईट हेतू नव्हता. पण वाचायचो.

आणि मी पीत होतो. आधी संध्याकाळी, मग दुपारी डबा खाताना, आणि शेवटच्या वर्षी सकाळी आंघोळीच्या आधी. ती घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसे. रजेच्या खात्यातले आकडे बारीक रकान्यात लिहायचे असतात. माझे आकडे रकान्याबाहेर जाऊ लागले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई माझं रजिस्टर ओढून घेत आणि स्वतःच्या अक्षरात भरत. मी समजायचो, कोणाला काही माहीत नाही.

एका सकाळी बायकोनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. रडली नाही, ओरडली नाही.

"आज ऑफिस नाई. दवाखान्यात चाला," ती म्हणाली.

"आज बहुत काम आहे तिथं."

"काम राहू द्या. तुमी राहान का नाई, ते पाहू आधी."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, दोन्ही हात समोर धरायला लावले. म्हणाल्या, "घरच्या घरी दारू सोडायला जाऊ नका. एकदम बंद केलीत तर झटके येतील. नागपूरला एक केंद्र आहे, तिथं राहून उपचार होतात. महिना तरी लागेल. चिठ्ठी देते."

माझ्या डोक्यात पहिला विचार उपचाराचा आला नाही, दाखल्याचा आला. त्या कागदावर माझा आजार लिहिलेला असेल आणि तो माझ्याच शाखेत मोठ्यानं वाचला जाईल.

"बाई, दाखल्यावर कावीळ लिहून द्याल का?"

"नाही. जो आजार आहे तोच लिहीन. खोटा दाखला मी देत नाही, आणि उद्या उघडकीस आला तर तुमची नोकरी जाईल." मग म्हणाल्या, "तुम्ही बस चालवत असता तर मी तुम्हाला कामावरही जाऊ दिलं नसतं. पण तुम्ही कागद चालवता. दाखल्याशिवाय रजा मिळत नाही का हो तुमच्याकडे?"

स्वतःसाठी हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर क्षणात उत्तर दिलं असतं. अर्जित रजेला दाखला लागत नाही! कारणाच्या रकान्यात 'खाजगी कारणास्तव' एवढं पुरतं. माझ्या खात्यात अर्जित रजा भरपूर साचली होती, कारण पिणारा माणूस मोठी रजा घेऊन जाणार कुठं?

पण रजा हा हक्क नव्हे. कामाची निकड असेल तर साहेब नाकारू शकतात. शिवाय अर्ज बडे बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, हातून जायचा आणि 'कोणतं खाजगी काम?' हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. म्हणून त्या दिवशी एक थेंबही न घेता, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांवर, दुपारी मी सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब पुण्याकडचे, मोजकं बोलणारे.

त्यांनी अर्ज वाचला. "पंचेचाळीस दिवस? खाजगी कारण म्हणजे काय?"

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. बायकोच्या माहेरी बपेऱ्याला शेतीची वाटणी आहे, असं. ते तोंडातून निघालं नाही.

"साहेब, दारू सोडायले चाललो. नागपूरच्या केंद्रात राहून. हे कागदावर नको, म्हणून तुम्हाले तोंडानं सांगून राहिलो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला वाटलं होतं, तुम्ही कधीच येणार नाही." म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"दाखला जोडू नका," ते म्हणाले. "मी मागत नाही. रजाकाळातला पत्ता?"

"तिथंच अडलं आहे साहेब. केंद्राचा लिहिला तर सगळं उघडं."

"खोटा पत्ता चालणार नाही. पत्र टाकलं तर तुमच्यापर्यंत पोचेल, असा खरा पत्ता द्या."

माझी धाकटी बहीण नागपूरलाच असते. केंद्रात रविवारी भेटायला परवानगी होती, म्हणजे आलेलं पत्र ती आणून देऊ शकत होती. मी तिचा पत्ता लिहिला. मुख्यालय, म्हणजे भंडारा, सोडून बाहेरगावी राहण्याची परवानगीही त्याच अर्जात मागितली, ती विसरली की पुढे भांडण होतं. साहेबांनी अर्जावर शेरा मारला आणि तो बडे बाबूंकडे न पाठवता माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दिला. "शिल्लक तपासा आणि आदेश आजच टंकलिखित करा."

बाईंनी माझं खातं उघडलं, शिल्लक मांडली, आदेश टाइप केला. प्रत माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "तुमचं टेबल मी पाहीन. तुम्ही इकडे पत्र लिहू नका, इथं सगळे वाचतात, आणि ऑफिसची काळजी करू नका."

केंद्रातले पहिले पाच दिवस मला नीट आठवत नाहीत. औषध, इंजेक्शन, घाम, भिंतीवर चालणाऱ्या मुंग्या, ज्या नव्हत्याच. सहाव्या दिवशी मी पोटभर वरणभात खाल्ला. मग सकाळी व्यायाम, दुपारी गोल बसून बोलणं. तुमसरकडचा एक तांदळाचा व्यापारी, एक मास्तर, एक मासे धरणारा ढीवर, ज्याच्या तलावातल्या बोदऱ्या मासळीची आठवण निघाली की आम्हा सगळ्यांची भूक चाळवायची. तिथं कोणी आडनाव विचारत नसे. तिसऱ्या आठवड्यात बायकोला बोलावलं आणि सल्लागारानं आधी तिलाच बोलू दिलं. ती तासभर बोलली. मी ऐकलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, एवढं सलग मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांचं एकच पत्र बहिणीच्या घरी आलं, तेही वेतनवाढीच्या एका जुन्या प्रकरणाचं. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'घाई नाही.'

रजा संपली त्या दिवशी मी वेळेवर हजर झालो. दाखलाच नव्हता, त्यामुळे तंदुरुस्तीचं प्रमाणपत्रही कोणी मागितलं नाही. बडे बाबू सगळ्यांदेखत म्हणाले, "काय बाबा, एवढे दिवस कोठी होता? कोणतं खाजगी काम निंगालं?"

"होतं एक, बाबूजी. झालं ते."

"कोणतं म्हणतो ना मी?"

"खाजगी होतं म्हणून तर खाजगी लिहिलं."

शाखा हसली. तेही हसले आणि पुन्हा विचारलं नाही. मी रजिस्टर उघडलं आणि आकडा लिहिला. रकान्यात बसला.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. पाच महिन्यांनी बायकोच्या भावाच्या लग्नात मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी एक किरकोळ रजा टाकली, बायकोला सांगितलं आणि पहिल्या बसनं नागपूरला गेलो. सल्लागारानं रागावण्याऐवजी चहा पाजला आणि विचारलं, "स्वतःहून आलात की आणलं?"

"स्वतःहून."

"मग बसा," तो म्हणाला, "बाकी सगळं सोपं आहे."

सोपं नव्हतं. पण त्यानंतर मी घेतली नाही.